पहिल्या भेटीनंतरच्या मेसेजमध्ये पुन्हा भेटण्याचे लगेच विचारावे का?

शब्दशोध :
काल संध्याकाळी एका मुलीला पहिल्यांदा भेटलो. तासाभराची ठरलेली भेट चार तास चालली आणि निघताना तिनेच ‘पोचल्यावर कळव’ असे सांगितले. रात्री मी ‘पोचलो’ एवढेच लिहिले, त्यावर तिचे ‘छान, मजा आली आज’ असे उत्तर आले. आता पुढचा मेसेज लिहायचा आहे. मित्र म्हणतो की तीन दिवस थांब. मला खेळ खेळायचे नाहीत, पण तिच्यावर दडपणही आणायचे नाही. माझा मसुदा असा आहे : ‘काल तुला भेटून खूपच छान वाटलं. इतक्या मोकळेपणाने मी कितीतरी दिवसांत कोणाशी बोललो नव्हतो. तुलाही तसंच वाटलं असेल अशी आशा आहे. तुला कधी वेळ असेल, इच्छा असेल आणि काही अडचण नसेल तर आपण पुन्हा भेटूया का? नाही म्हणालीस तरी मला अजिबात वाईट वाटणार नाही.’ हा मेसेज पाठवू का?

कर्णधार :
तुमच्या मित्राचे म्हणणे अगदीच निराधार नाही. 2011 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात विद्यार्थिनींना काही पुरुषांची फेसबुक प्रोफाइल दाखवली गेली. आपण त्या पुरुषाला खूप आवडलो आहोत की नाही याविषयी ज्यांना अनिश्चित ठेवले होते, त्यांनाच त्या पुरुषांविषयी सर्वाधिक आकर्षण वाटले, कारण त्यांच्या डोक्यात तोच विचार घोळत राहिला. म्हणून मी म्हणेन की खेळ करू नका, पण दोन दिवस विचार करायला जागा ठेवा. सगळे पत्ते पहिल्याच दिवशी उघडे केले तर समोरच्या व्यक्तीकडे कुतूहलच उरत नाही.

मध्यमा :
तो प्रयोग मीही वाचला आहे आणि तुम्ही सांगितलेला निष्कर्ष खरा आहे, परंतु त्याचा अर्धाच भाग इथे आला आहे. ‘तू त्याला फार आवडलीस’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांनाही तो पुरुष आवडलाच; ‘तू त्याला साधारण आवडलीस’ असे ज्यांना कळले होते, त्यांच्यापेक्षा नक्कीच अधिक. शिवाय त्या विद्यार्थिनी त्या पुरुषांना कधी भेटल्याच नव्हत्या आणि त्यांना कोणाच्याही मेसेजची वाट पाहावी लागली नव्हती. चार तास समोरासमोर बोललेल्या माणसाने दोन दिवस गप्प बसणे ही निराळी गोष्ट आहे. अशा शांततेतून कुतूहल निर्माण होण्यापेक्षा ‘याला बहुधा फारसे काही वाटले नसावे’ हा साधा अर्थ निघण्याचा संभव अधिक असतो, आणि ज्या व्यक्तीला खरोखर रस आहे तीच मग सावधपणे मागे सरते.

जोडप्यांच्या समुपदेशनाच्या कामात अशी मागे सरलेली माणसे मला वारंवार भेटतात, म्हणून याविषयी मी थोड्या आग्रहाने लिहिते आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावले गेले. त्यात असे दिसले की आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसे सरसकट कमी करतात. तो अभ्यास संभाषणातल्या सर्वसाधारण आवडीविषयी आहे, प्रेमाविषयी नाही, हे लक्षात ठेवायलाच हवे. तरीही भेट चांगली झाल्यावर दोघेही आपापल्या घरी ‘मी जरा जास्तच बोललो का?’ असा विचार करत बसलेले असणे अगदी शक्य आहे, आणि म्हणून दोघांपैकी एकाने स्पष्ट बोलणे उपयोगी पडते.

आता मसुद्याविषयी. त्यातील हेतू चांगला आहे, पण ज्या वाक्यांनी तुम्ही दडपण कमी करू पाहता, त्यांनीच ते वाढते आहे. ‘तुलाही तसंच वाटलं असेल अशी आशा आहे’ या वाक्यामुळे तिला स्वतःच्या भावनेचा हिशेब लगेच द्यावा लागतो. ‘वेळ असेल, इच्छा असेल, अडचण नसेल’ या तीन अटींमधून तुमची भीती दिसते आणि ती दूर करण्याचे काम तिच्याकडे जाते. शेवटचे वाक्य तर तुम्ही काढूनच टाकावे, असे मला ठामपणे वाटते. तिने नकार दिलेला नसताना तुम्ही नकाराची तालीम करता आहात, आणि ‘अजिबात वाईट वाटणार नाही’ हे खरेही नाही. ‘कितीतरी दिवसांत कोणाशी बोललो नव्हतो’ हे मनापासून आले असेल, तरी एका भेटीनंतर तिच्यावर टाकलेले ते मोठे ओझे आहे. ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत समोर बसून सांगा.

मेसेज तीनच गोष्टींचा असावा : काल झालेल्या बोलण्यातली, तुम्हा दोघांनाच माहीत असलेली एखादी नेमकी गोष्ट, पुन्हा भेटायला आवडेल असे एक सरळ वाक्य, आणि उत्तर द्यायला सोपा असा एक प्रश्न. नेमकी गोष्ट आवश्यक आहे, कारण ‘खूप छान वाटलं’ हे कोणालाही पाठवता येते, तर तिने सांगितलेले तुमच्या लक्षात राहिले आहे हे फक्त तिलाच लिहून पाठवता येते. आणि तो आज संध्याकाळीच पाठवा.

जुनाजाणता :
उत्तर न आल्यास मनाला लावून घेऊ नका. एकदा आठवण करावी, आठवडाभराने, आणि तीही ‘मेसेज पाहिलास का’ असे न विचारता एखाद्या वेगळ्या विषयावरून. त्यानंतरही शांतता असेल तर तेच उत्तर समजावे.

शब्दशोध :
काका, तिचे उत्तर येत नाही असे झालेले नाही, मेसेज मीच अजून पाठवलेला नाही. तरी हे जपून ठेवतो.

रानवाटा :
मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे असे मेसेज ज्यांना येतात त्यांच्या बाजूने लिहिते. एका चांगल्या भेटीनंतर मला दुसऱ्या दिवशी अतिशय नेटका मेसेज आला होता. मध्यमाताई म्हणतात तसाच, एक आठवण आणि एक सरळ प्रश्न. मी कामात होते आणि संध्याकाळी निवांत उत्तर द्यायचे ठरवले होते. दोन तासांनी ‘व्यस्त दिसतेस’ असे आले. त्यानंतर ‘काही चुकलं का माझं?’ आणि रात्री ‘ऑनलाइन दिसतेस म्हणून विचारलं’. पहिल्या मेसेजला ‘हो’ म्हणायचे माझे ठरलेले होते, पण चौथ्यापर्यंत ते उरले नाही. म्हणून मसुद्यावर जितकी मेहनत घेत आहात तितकीच, तो पाठवल्यानंतर फोन बाजूला ठेवण्यावर घ्या. निळ्या खुणा आणि ‘शेवटचे केव्हा पाहिले’ ही माहिती छळत असेल तर ती सेटिंगमध्ये बंद करता येते.

अनुस्वार :
मध्यमा यांच्या मसुद्याच्या चिकित्सेशी मी सहमत आहे, परंतु तिसऱ्या घटकाला माझा स्पष्ट विरोध आहे. पहिल्या मेसेजमध्ये भेटीचा प्रस्ताव असूच नये. आठवण आणि आवड एवढेच लिहावे आणि तिच्या उत्तराची वाट पाहावी. ती केवळ दोन शब्दांत उत्तर देते की स्वतःहून काही विचारते, यावरून प्रस्तावाची वेळ आपोआप कळते. प्रश्न असलेल्या मेसेजला उत्तर देणे भाग पडते, तर प्रश्न नसलेल्या मेसेजला उत्तर देणे ही तिची निवड असते. दडपण नको असेल तर ही निवड तिच्याकडेच राहिली पाहिजे.

मध्यमा :
तुमचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, आणि भेट बरी झाली पण समोरच्याचा कल कळला नाही अशा वेळी मी तुमचाच मार्ग सुचवेन. इथे मात्र चार तासांची भेट, ‘पोचल्यावर कळव’ आणि ‘मजा आली’ अशा तीन गोष्टी तिच्या बाजूने आधीच आल्या आहेत. अशा वेळी प्रश्नाविना लिहिलेला मेसेज तिला मोकळे ठेवत नाही, तर पुढचे पाऊल तिच्यावर ढकलतो. याला पुन्हा भेटायचे आहे की हा केवळ सौजन्य दाखवतो आहे, हे तिला ओळखत बसावे लागते. स्पष्ट विचारणा नाकारणे सोपे असते. संदिग्ध विचारणा नीट स्वीकारताही येत नाही आणि नाकारताही येत नाही.

अनुस्वार :
नाकारणे सोपे आहे, हे विचारणाऱ्याला वाटते. अनेकींना थेट ‘नाही’ लिहिणे जड जाते, मग त्या तोंडदेखले ‘हो’ म्हणतात आणि आदल्या दिवशी रद्द करतात. या स्पष्टपणाची किंमत तुम्ही कमी लेखता आहात.

शब्दशोध :
दोघांचे वाचून नव्याने लिहिले. तिशीत पोहायला शिकल्याचे तिने सांगितले होते, पहिले काही आठवडे फक्त पाण्यात तोंड बुडवण्यात गेले म्हणे. तर : ‘काल मजा आली. तुझे ते पाण्यात तोंड बुडवण्याचे आठवडे घरी येताना आठवत होते. मला तुला पुन्हा भेटायला आवडेल. शनिवारी दुपारी जमेल का? सावकाश सांग.’

रानवाटा :
हा मेसेज मला आला असता तर मी हसून उत्तर दिले असते. फक्त ‘शनिवारी दुपारी’ आणि ‘सावकाश सांग’ या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात. शनिवार जवळ असेल तर सावकाश सांगणार कसे? ‘या किंवा पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी’ असे लिहिले तर दोन्ही सुसंगत होते.

मध्यमा :
रानवाटा यांचे बरोबर आहे, शनिवार काढा. अनुस्वार यांनी नकाराच्या अडचणीविषयी जे लिहिले त्याचेही थोडे उत्तर यातच आहे. दिवस मोकळा सोडला की तिच्या उत्तराचा आकारच पुष्कळ सांगतो. ‘या आठवड्यात नाही जमणार, पण पुढच्या मंगळवारी चालेल का?’ असे आले तर तिला भेटायचे आहे. ‘सध्या जरा धावपळ आहे’ एवढेच आले आणि त्यापुढे कोणताही दिवस आला नाही, तर ‘काही हरकत नाही, मोकळी झालीस की कळव’ असे एकदा लिहून थांबावे. ते वाक्य लिहिल्यावर खरोखरच थांबायचे आहे. आठवड्याने पुन्हा ‘झाली का मोकळी?’ असे विचारले तर पहिला समजूतदारपणा पुसला जातो. ‘सावकाश सांग’ राहू द्या, पण मग उत्तर दोन दिवसांनी आले तर त्याबद्दल मनात काहीही धरू नका.

कर्णधार :
प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मी लक्षात घेतला नव्हता, हे मान्य. तरीही आज संध्याकाळऐवजी उद्या सकाळी पाठवला तर काय बिघडते, हे मला अजून कळलेले नाही.

मध्यमा :
उद्या सकाळी पाठवला तर काहीच बिघडत नाही. उद्या सकाळी हातात वेळ आहे म्हणून पाठवला तर ती सोय आहे; आज लिहावेसे वाटत असूनही, तिला वाट पाहायला लावण्यासाठी रोखून धरला तर तो खेळ आहे. तिला हा फरक एका मेसेजमधून दिसणार नाही, पण सवय लागली तर पुढे दिसू लागतो.

अनुस्वार :
माझे मत मी बदललेले नाही. या मसुद्यातून प्रश्न काढून टाकून ‘मला तुला पुन्हा भेटायला आवडेल’ येथेच पूर्णविराम द्या, म्हणजे तुमची इच्छा तिला स्पष्ट कळेल आणि दिवस सुचवायचा की नाही हे तिचे तिला ठरवता येईल. मध्यमा यांना जे ढकलणे वाटते ते मला विश्वास ठेवणे वाटते.

शब्दशोध :
‘या किंवा पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी जमेल का?’ हा प्रश्न ठेवला आणि आत्ताच पाठवला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून कामाला लागतो.