किमान नफ्याची अट पाळून विक्री वाढवणारी कंपनी : शहाणी की आतबट्ट्याची?

ऋतुजा_एमकॉम
परीक्षेच्या तयारीतलं एक गणित आहे. मसाल्याच्या पाकिटांची मागणी `P = 120 - 2Q`, एकूण खर्च `C = 200 + 40Q`. Q हजार पाकिटांत, P रुपयांत, खर्च हजार रुपयांत. भागधारकांना किमान साडेपाच लाख नफा हवा. नफा जास्तीत जास्त करणारी आणि विक्रीची रक्कम जास्तीत जास्त करणारी अशा दोन कंपन्या काय किंमत लावतील? आकडे मी काढीन, पण दुसरी कंपनी हातचा नफा का सोडते ते पटत नाही. तुमचं मत काय?

वसंत जोग
आकडे आधी मांडतो, त्याशिवाय वाद हवेत राहील. पहिली कंपनी 20 हजार पाकिटं 80 रुपयांनी विकते. विक्री 16 लाख, खर्च 10 लाख, नफा 6 लाख. दुसरीला मोकळं सोडलं तर ती 30 हजारांपर्यंत जाईल. किंमत 60, विक्री 18 लाख, पण नफा 4 लाखच. ते भागधारकांना चालणार नाही, म्हणून तिला मागं यावं लागतं. नफा बरोबर साडेपाच लाख कुठं होतो ते काढलं की `Q = 15` आणि `Q = 25` अशी दोन उत्तरं येतात. तिला विक्री हवी आहे, म्हणून 25. किंमत 70, विक्री साडेसतरा लाख.

म्हणजे 50 हजारांचा नफा सोडून दीड लाखाची जास्त विक्री घेतली. शेवटचे हजार नग बघा. 24 हजार विकायचे तर किंमत 72 होती, 25 हजारांसाठी ती 70 झाली. नव्या हजार पाकिटांचे 70 हजार आले, पण आधीच्या 24 हजारांवर दोन-दोन रुपये गेले, म्हणजे 48 हजार. हाती फक्त 22 हजार पडले आणि ती पाकिटं बनवायला 40 हजार लागले. 18 हजारांचा हा तोटा कंपनी जाणूनबुजून घेते. विल्यम बॉमोल यांनी 1959 मध्ये हे मांडलं ते मोठ्या कंपन्यांना सल्ला देताना आलेल्या अनुभवावरून.

सीए_मिरजकर
हिशेब बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. 22 हजारांसाठी 40 हजार घालवणारा व्यवस्थापक भागधारकांच्या पैशानं स्वतःची खुर्ची मोठी करतोय. यात शहाणपण कुठलं? विक्री वाढवून पुढं बाजार हाती येणार असेल, तर तो उद्याच्या नफ्याचाच विचार झाला, त्याला वेगळं मॉडेल कशाला? आणि भागधारकांची अट कायम आडवी येतेच. अट आडवी येत नसेल तर या मॉडेलला अर्थच उरत नाही.

डेपोवाला
मी खाद्यपदार्थांच्या एका कंपनीत एरिया सेल्सला होतो. तिथं नफा हा शब्द आमच्या कानावर कधी पडला नाही. मार्च आला की टार्गेट, आणि इन्सेंटिव्ह सगळा विक्रीवर. वितरकाच्या गोदामात जागा नसली तरी माल टाकायचा, बिल फाडायचं, आणि एप्रिलमध्ये त्यातलाच माल एक्सपायरीत परत घ्यायचा. त्यामुळं कंपन्या नफ्यामागं असतात हे मला पुस्तकी वाटतं. जास्तीत जास्त नग विका, एवढाच हुकूम असतो. बॉमोलसाहेब बरोबर आहेत.

वसंत जोग
डेपोवाले, पगार आणि बढती विक्रीला बांधलेली असते हा बॉमोल यांचाही मुद्दा होता, तो तुम्ही आतून पाहिलात. पण हे मॉडेल नगांचं नाही, विक्रीतून येणाऱ्या रकमेचं आहे. 31 हजारावं पाकीट विकायला गेलात तर किंमत इतकी पडते की एकूण विक्रीच कमी होते. बॉमोल यांची कंपनी तिथं थांबते. नगांवर टार्गेट असलेला माणूस थांबत नाही. परत येणारा माल ही तर विक्रीच नव्हे.

मिरजकर, अट कायम आडवी येते हे या गणितापुरतंही खरं नाही. भागधारक 3 लाखांवर समाधानी असतील तर कंपनी 30 हजारांवरच थांबेल आणि नफा 4 लाख राहील. मागितल्यापेक्षा लाखभर जास्तच. जाहिरात आली की तुमचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. जाहिरातीनं विक्री थोडीफार वाढतच राहते असं बॉमोल धरतात, त्यामुळं वरचा लाखभर त्यात ओतला जातो आणि नफा अटीला येऊन टेकतो.

ऋतुजा_एमकॉम
पण मग दोन्ही कंपन्या बाहेरून ओळखायच्या कशा? 70 रुपये किंमत बघून काय कळणार?

वसंत जोग
स्थिर खर्च वाढवून बघा. गोदामाचं भाडं 32 हजारांनी वाढलं समजा. पहिली कंपनी जागची हलत नाही. 20 हजार पाकिटं, 80 रुपये, नफा तेवढा 5 लाख 68 हजारांवर येतो. भाड्यामुळं शेवटच्या पाकिटाचा खर्च बदलत नाही, मग ती किंमत कशाला बदलेल? दुसरीचा नफा मात्र अटीच्या खाली जातो. तिला 23 हजारांवर यावं लागतं आणि किंमत 70 वरून 74 होते. भाडं, विमा, ऑफिसचे पगार वाढले की दर वाढवणारे व्यापारी आपण रोज बघतो. नुसत्या नफ्याच्या सिद्धांतात त्याचं उत्तर मिळत नाही, इथं मिळतं. मला या मॉडेलची खरी ताकद यातच दिसते.

सीए_मिरजकर
3 लाखांचं उदाहरण मान्य. भाड्याचं नाही. 74 रुपयांनी जास्त नफा मिळतो हे कंपनीला भाडं वाढायच्या आधीही माहीत होतं, तेव्हा का नाही लावले? आणि भाडं वाढलं की दर वाढवणाऱ्यांतले निम्मेअधिक लोक सरासरी खर्चावर ठरावीक टक्के चढवतात, बस. त्यांच्या डोक्यात विक्री वाढवण्याचं उद्दिष्ट आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. भाडं एका दुकानाचंच वाढलं की सगळ्या बाजाराचं, यानंही फरक पडतो. सगळ्यांचं वाढलं तर काही दुकानं बंद होतात आणि उरलेल्यांची मागणीच बदलते.

वसंत जोग
टक्के चढवण्याचा मुद्दा वजनदार आहे. नुसत्या दरवाढीवरून या दोघांत निवाडा करता येत नाही, हे मी मान्य करतो. पण आधी का नाही लावले, याचं उत्तर आहे. आधी 70 मध्ये अट भागत होती, आणि व्यवस्थापकाला विक्री प्यारी होती. ते तुम्हाला आवडत नाही हा वेगळा प्रश्न.

डेपोवाला
साडेपाच लाख हा आकडा ठरवतं कोण? आमच्याकडं टार्गेट वरून यायचं आणि दरवर्षी बदलायचं.

वसंत जोग
मॉडेलमध्ये तो बाहेरून येतो. लाभांश इतका हवा की शेअर पडू नये, आणि विस्तारासाठी पैसा उभा करता यावा, इतपतच सांगितलं आहे. मला ही जागा कच्ची वाटते.

ऋतुजा_एमकॉम
स्थिर खर्च 3 लाख धरून बघितला तर `Q² - 40Q + 425 = 0` आलं आणि वर्गमुळात ऋण संख्या. माझं काही चुकलं का?

वसंत जोग
चुकलं नाही. 3 लाखांच्या स्थिर खर्चावर जास्तीत जास्त नफाच 5 लाख आहे, साडेपाच येणार कुठून? अडीच लाखांवर दोन्ही कंपन्या एकाच जागी, 20 हजार आणि 80 रुपयांवर येतात. त्यापुढं अट पाळणं अशक्य.

सीए_मिरजकर
म्हणजे दिवस वाईट आले की तुमची कंपनी माझ्यासारखी वागायला लागते. आता मला एवढंच सांगा, त्या अडीच लाखांच्या पलीकडं अट सैल होते की व्यवस्थापक बदलतो?