शब्दचर्चा : प्रार्थना ‘अनुत्तरित’ राहते, की देव ‘पावत नाही’?

मांडवी
वडोदऱ्यात सर्वधर्म प्रार्थनासभा आहे, तिच्यासाठी छोटी मराठी पुस्तिका करतो आहोत. विषय असा : मागितलेलं मिळालं नाही की प्रत्येक धर्म आपल्या माणसांना काय सांगतो. मूळ मजकूर इंग्रजीत होता, त्यावरून मी शीर्षक केलं ‘अनुत्तरित प्रार्थना’. वाचणाऱ्या दोघींना ते परीक्षेत सोडून दिलेल्या प्रश्नासारखं वाटलं. दुसरा शब्द सुचवाल का?

रावपुरा
शब्दशः भाषांतर झालंय ते. मराठी देव उत्तर देत नाही, तो पावतो. पावणे म्हणजे येऊन पोचणे, ‘पाहुणा’ त्यातूनच आला. ‘देव का पावत नाही’ असं सरळ लिहा, कुणालाही कळेल.

अर्थशोधक
अर्धं बरोबर आहे. ‘पावणे’ संस्कृत ‘प्र + आप्’वरून आलं; पोचणे, मिळणे. ‘पैसे पावले’ आणि ‘पावती’ हे त्या घरातले शब्द. पाहुणा मात्र वेगळा. तो ‘प्राघूर्ण’, प्राकृतात ‘पाहुण’. आवाज जुळतो, नातं नाही.

पण माझी अडचण पुढची आहे. ‘देव पावला’ म्हणताना आपण दोन गोष्टी एकात बोलतो : देव प्रसन्न झाला आणि मागितलेलं मिळालं. त्यामुळे मिळालं नाही की देव प्रसन्नच नाही, असा अर्थ आपोआप निघतो. तुमच्या पुस्तिकेतले निम्मे धर्म नेमकं हेच नाकारतात.

इस्लामचं उदाहरण घ्या. कुराणात (2:186) हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो, असं वचन आहे. तिथल्या क्रियापदाचं मूळ आणि आपल्या ‘जवाब’चं मूळ एकच. उत्तर देणं वेगळं, मागितलेली वस्तू देणं वेगळं. मुसनद अहमद या संग्रहातल्या एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, या उत्तराचे तीन प्रकार सांगितलेत : मागितलेलं लवकर मिळतं, किंवा ते परलोकासाठी राखून ठेवलं जातं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं. अट अशी की मागणं पापाचं नसावं आणि नाती तोडणारं नसावं. म्हणजे आजारी मुलासाठी केलेल्या दुआनंतर मूल बरं झालं नाही, तरी श्रद्धावंताच्या लेखी ती दुआ वाया गेलेली नसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात जमा असते. आणखी एका हदीसमध्ये म्हटलंय की माणूस घाई करत नाही तोवर त्याची दुआ कबूल होते. घाई म्हणजे काय, तर ‘मी मागितलं, पण कबूल झालं नाही’ असं म्हणून मागणं सोडून देणं. तेव्हा त्या पानावर ‘अल्ला पावला नाही’ लिहिलंत तर तो धर्म जे सांगतो त्याच्या उलटं होईल.

फतेहगंज
आमच्याकडे नवस कमी म्हणतात, बाधा म्हणतात. काम झालं नाही तर बाधा सोडता येते का? गोड वर्ज्य करून दोन वर्षं होत आली.

अर्थशोधक
प्रश्न शब्दाचा नाही, पण शब्दातच अडकलाय, म्हणून लिहितो. ही बाधा गुजरातीतून आपल्या बोलण्यात आली. पुण्यातला वाचक ‘तिने बाधा घेतली’ वाचून भूतबाधा किंवा विषबाधा समजेल, म्हणून पुस्तिकेत तो शब्द एकटा ठेवू नका.

आता फरक बघा. नवस सशर्त असतो : काम झालं तर अमुक करीन. काम झालंच नाही तर फेडायला काही उरत नाही. बाधेत माणूस आधीच स्वतःवर बंधन घालून घेतो, काम होईपर्यंत. काम झालं नाही की बंधन लोंबकळत राहतं. म्हणून बाधा घेतानाच मुदत बोलावी, ‘येत्या दिवाळीपर्यंत’ अशी. ती राहिली असेल तर बरीच घरं देवापुढे नारळ ठेवून, क्षमा मागून सोडतात. तब्येतीवर परिणाम होत असेल तर थांबूच नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तुमच्या कुळाची रीत त्यांना ठाऊक असेल.

घडियाळी पोळ
जैनांच्या पानाबद्दल एक. ‘तीर्थंकरांनी ऐकलं नाही’ हे वाक्य आमच्यात उभंच राहत नाही. ते वीतराग आहेत. कुणावर प्रसन्न होत नाहीत, रागावतही नाहीत. मिळत नाही याचं कारण मागणाऱ्याकडेच असतं, त्याला अंतराय कर्म म्हणतात. त्यातलं लाभांतराय असं की वस्तू समोर आहे, देणारा तयार आहे, तरी आपल्या हाती येत नाही. दुसऱ्याच्या मिळण्यात आडवं आल्याने ते बांधलं जातं, असं सांगतात.

मांडवी
मग ख्रिस्ती पानावर तरी ‘उत्तर’ चालेल ना? तिथे इंग्रजीचीच छाप असणार.

अर्थशोधक
चालेल, पण इंग्रजीमुळे नव्हे. हाक आणि उत्तर ही जोडी हिब्रूतली आहे. बायबलमधल्या 22 व्या स्तोत्रात भक्त तक्रार करतो की मी दिवसा हाक मारतो आणि तू उत्तर देत नाहीस.

तिथे प्रेषित पौलाचं उदाहरण जरूर घ्या (2 करिंथ, 12 वा अध्याय). त्याच्या शरीरात एक काटा होता. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, पण उत्तर आलं : ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ ही प्रार्थना अनुत्तरित नाही, अमान्य आहे. याकोबाच्या पत्रात (4:3) वेगळं कारण दिलंय : तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्ही चुकीच्या हेतूने मागता. पुस्तिकेत ही दोन कारणं एकत्र करू नका. दुसरं कारण दुखावलेल्या माणसाला दोष देतं, पहिलं देत नाही. नुकतंच घरात कुणी गेलेल्याच्या हातात ते पान पडेल, तेव्हा हा फरक लागेल.

रावपुरा
हिंदू पानावर प्रारब्ध आलंच. सुटलेला बाण परत येत नाही. तुकोबांनी तर नवसाचा प्रश्नच निकालात काढलाय : ‘नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती.’

पण काका, ‘मराठी देव उत्तर देत नाही’ हे मीच लिहिलं होतं, ते मागे घेतो. कोकणात कौल लावतात, ते उत्तरच की.

अर्थशोधक
हा मुद्दा पटला. आणि तो कौल मूळ अरबी ‘कौल’, म्हणजे बोल, वचन. देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो. बहुतेक ठिकाणी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काहीच पडलं नाही तर थांबतात किंवा प्रश्न बदलून पुन्हा विचारतात. मराठीत खरं ‘अनुत्तरित’ म्हणायचं तर ते हे : पाकळी न पडणं. डावा कौल हे उत्तर आहे, नको असलेलं असलं तरी.

मांडवी
मग शीर्षक ‘न फळलेली प्रार्थना’ कसं वाटतं? नवस फळतो, बाधाही फळते.

घडियाळी पोळ
आम्हाला चालेल. कर्मही फळतंच.

अर्थशोधक
पौलाचा काटा त्यात बसत नाही. त्याच्या मते ती प्रार्थना फळलीच, फक्त वेगळी. मी ‘मागितलं ते मिळालं नाही तेव्हा’ असं लांब शीर्षक घेईन आणि आत प्रत्येक पानावर त्या त्या धर्माचं क्रियापद ठेवीन.

रावपुरा
लांब आहे, पण घरात बोलतो तसंच आहे.

मांडवी
शीर्षक हेच घेते. 22 व्या स्तोत्राचं काय करू? तिथे भक्त स्वतःच म्हणतो की उत्तर आलं नाही, आणि पाकळी न पडण्याशी त्याचं फार जवळचं वाटतंय. पण ख्रिस्ती वाचकाला कौल हा शब्द रुचेल का?

अर्थशोधक
मला नाही वाटत. ख्रिस्ती मंडळीतल्या कुणाला तरी दाखवून मगच छापा.