अनुभव धागा : सरावातल्या एकाही पेपरसारखा नसलेला पेपर हातात आला तर?

चाफेकळी
आज कपाट आवरताना नीट 2025 ची पुस्तिका हाती लागली आणि 4 मेची ती संध्याकाळ आठवली. फाटकातून बाहेर येणाऱ्या पोरांच्या तोंडी एकच शब्द होता, फिजिक्स. नीटला बसणाऱ्यांनी दहा-दहा वर्षांचे पेपर सोडवलेले असतात आणि ऐनवेळी समोर भलतंच काही येतं. त्या तीन तासांत नक्की काय करायचं ते इथे लिहा. 'खचू नका' वगैरे नको, ते नातेवाईक सांगतातच.

सुरुवात मीच करते. पुस्तिकेत 1 ते 45 फिजिक्स आणि 91 पासून बायो. पहिल्या पानावर हात गार पडले की सरळ 91 गाठायचा. बायोचे 90 प्रश्न 50 मिनिटांत, मग केमिस्ट्री 50, फिजिक्सला 65. उरलेली 15 मिनिटं गोल तपासायला.

कोल्हापुरी ठेचा
निगेटिव्ह मार्किंग आहे, त्यामुळे खात्री नसेल तर हात लावायचा नाही. विषय संपला.

निशाचर
@ठेचा, अर्धंच बरोबर आहे. बरोबरला 4, चुकीला वजा 1. दोन पर्याय खात्रीने कटले आणि उरलेल्या दोघांतून एक निवडला, तर सरासरी दीड मार्क पदरात पडतो. तो सोडायचा म्हणजे ताटातलं वाढलेलं परत करणं. एकच पर्याय कटला तरी सरासरी पाऊण मार्काच्या थोडी खालीच, पण अधिकच. एकही कटला नाही तर सरासरी पाव मार्क, आणि तिथे नशिबाचा खेळ मोठा. असे 20 प्रश्न ठोकले आणि 5 लागले तर 20 वजा 15, म्हणजे अधिक 5. तीनच लागले तर 12 वजा 17, म्हणजे उणे 5.

म्हणून नियम असा : जो पर्याय कटला तो का कटला हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'असा वाटत नाही' हे कारण नव्हे.

शेंगदाणा चटणी
आमच्या लेकीला सीईटीत असंच झालं, पण तिने एकही प्रश्न सोडला नाही, सगळे टिकमार्क करून आली. नीटवाल्यांनीही तेच करावं.

निशाचर
@शेंगदाणा, सीईटीत निगेटिव्ह नाही हो! तिथे कोरा सोडणं हीच चूक. शिवाय ती संगणकावर, अनेक शिफ्टमध्ये होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, म्हणजे तिची तुलना तिच्याच शिफ्टशी. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 90 मिनिटं असतात, तिथे फिजिक्सने खाल्लेला वेळ केमिस्ट्रीच्या ताटातून जातो. गणिताची 90 मिनिटं वेगळी.

शेंगदाणा चटणी
अच्छा! मी उगाच शेजारच्यांना सांगून बसले 😬

अर्धवट_इंजिनियर
फिजिक्स अनोळखी दिसतं तेव्हा बहुतेक वेळा प्रश्नाचं तोंड बदललेलं असतं, आतला नियम तोच. आणि उत्तरं अक्षरांत असतील तर आकृती न काढताही बरंच कापता येतं. उदाहरण घेऊ. गुळगुळीत उतारावर m1, दोरी कप्पीवरून, पलीकडे लटकलेला m2. त्वरण किती?

```
1) g(m2 − m1 sinθ)/(m1 + m2)
2) g(m2 − m1 cosθ)/(m1 + m2)
3) g(m2 + m1 sinθ)/(m1 + m2)
4) g(m2 − m1 sinθ)/(m1 − m2)
```

आधी θ = 0 करा, उतार झाला टेबल. टेबलावर m1 ला खाली ओढणारं काही उरत नाही, म्हणून उत्तर g·m2/(m1+m2) यायला हवं. 2 आणि 4 गेले. आता θ = 90 आणि दोन्ही वस्तुमानं सारखी धरा. सरळ कप्पी झाली, काहीच हलायला नको, त्वरण शून्य. 3 मध्ये येतं g. उरला 1. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. आधी मितींनी तपासायला गेलात तर इथे फसाल, चारही पर्यायांच्या मिती सारख्याच आहेत. टोकाची किंमत टाकणं हे वेगळं हत्यार आहे.

कोल्हापुरी ठेचा
हा प्रश्न सोपाच आहे राव. खऱ्या पेपरात उत्तरं आकड्यांत असतात, तिथे काय टोक घेणार?

अर्धवट_इंजिनियर
मान्य. आकडे एकमेकांपासून लांब असतील, समजा 0.4, 4, 40, तर g ला 10 आणि π² ला 10 धरून अंदाज पुरतो. 4.1 आणि 4.3 असे चिकटलेले असतील तर ही युक्ती मेली. तो प्रश्न मागच्या फेरीत ढकला.

बायोवाली
चपात्या करता करता लिहितेय, चुका पोटात घाला. जोड्या लावा वाल्या प्रश्नात चारही जोड्या यायला हव्यात हा गैरसमज. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲबसिसिक ॲसिड यांच्यापैकी ॲबसिसिक ॲसिड रंध्रं बंद करतं एवढं पक्कं असेल, तर ती जोडी नसलेले पर्याय आधी खोडा. बहुतेकदा दोनच उरतात. मग दुसरी जोडी फक्त त्या दोघांत जिथे फरक आहे तिथली बघा, बाकीच्यांकडे ढुंकूनही नाही. विधान-कारण प्रश्नात मात्र आधी दोन्ही विधानं स्वतंत्र तपासा, 'कारण' शब्द नंतर. चपाती करपली, येते.

चाफेकळी
😂 जा आधी.

एक भर घालते : गोल. प्रश्न सोडून पुढे उडी मारणाऱ्यांचं ओएमआरवर एक ओळ सरकणं हे फार होतं. 63 चं उत्तर 62 च्या ओळीत, आणि मग पुढचं सगळं एकेक घर वर. पेन पुसता येत नाही, आणि एका प्रश्नाला दोन गोल भरले की ते चुकीचंच धरतात. म्हणून पुस्तिकेत उत्तराला खूण करायची आणि एक पान झालं की त्या पानाचे गोल, प्रश्नक्रमांक तोंडात पुटपुटत. सोडलेल्याच्या क्रमांकाला मोठं वर्तुळ. दोन पर्याय कापून ठेवले असतील तर त्याशेजारी प्रश्नचिन्ह, म्हणजे शेवटच्या फेरीत पुन्हा सगळं वाचावं लागत नाही.

गोयंकार
सगळा पेपर आधी चाळून बघायचा की नाही? आमच्याकडे दोन गट आहेत.

निशाचर
मी चाळण्याच्या बाजूने, तीन मिनिटं. सोपे कुठे लपलेत ते कळतं.

चाफेकळी
मी विरुद्ध. फिजिक्सची पानं बघून थिजलेल्या मुलाला तीन मिनिटं अजून काय दाखवायचंय?

गोयंकार
म्हणजे भांडण आमच्यासारखंच 😄

निशाचर
फिजिक्सच्या 65 मिनिटांचा हिशेब राहिला. 45 प्रश्न म्हणजे प्रत्येकी दीड मिनिटाच्याही आत. समीकरण मिनिटभरात उभं राहिलं नाही तर वर्तुळ करून पुढे. एकाने 22 च सोडवले, 18 बरोबर, 4 चूक : 72 वजा 4, 68. दुसऱ्याने 45 च्या 45 भरले, 20 बरोबर, 25 चूक : 80 वजा 25, 55. जास्त येत असूनही दुसरा मागे. आणि पेपर सगळ्यांनाच अवघड असतो तेव्हा रेघच खाली येते. खुल्या गटाची पात्रता 2024 ला 162 होती, 2025 ला 144. पहिला नंबर 720 वरून 686 वर आला.

कोल्हापुरी ठेचा
पात्रता म्हणजे सीट नव्हे. 144 ला कुठलं सरकारी कॉलेज मिळतंय?

निशाचर
ते खरं. पण वरची गुणसंख्याही घसरलीच होती.

शेंगदाणा चटणी
एक विचारू? पाण्याची बाटली आत नेऊ देतात का? आणि घड्याळ?

चाफेकळी
ताई, घड्याळ नाही, वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळावर चालायचं. म्हणून घरी सरावालाही मनगटी घड्याळ काढून ठेवा. बाटलीचं त्या वर्षीच्या प्रवेशपत्रावर वाचा, तिथे नेता येणाऱ्या वस्तू लिहिलेल्या असतात.

बायोवाली
आले. दुसरी पण करपली.