मदत हवी आहे: मॉक टेस्टनंतर व्याकरणाच्या चुका वहीत लावल्या, पण ढीग बरोबर पडलेत का?

चुकांची_वही:
परीक्षेला १२ दिवस राहिलेत. आज मराठी व्याकरणाची मॉक दिली, ५० पैकी १४ चुकले. आधी वहीत धड्यांप्रमाणे वाटणी केली, प्रयोग ५, शुद्धलेखन ४, विभक्ती १ वगैरे, आणि मग वाटलं की ह्याचा काही उपयोग नाही, कारण "प्रयोग परत वाच" हे मी मागच्या दोन्ही मॉकनंतरही लिहिलं होतं आणि वाचलंही होतं. म्हणून आता चूक का झाली त्याप्रमाणे लावतोय. वहीतलं पान जसंच्या तसं टाकतो.

"ढीग पहिला, ६ चुका. शब्दाचं रूप बघून ठोकून दिलं. 'मी पत्र लिहिले' याला कर्तरी मारलं कारण मी ला ने लागलेला दिसत नाही. उत्तर कर्मणी. पुढे विभक्तीत तेच वाक्य देऊन 'मी' ची विभक्ती विचारली, प्रथमा मारली, उत्तर तृतीया. म्हणजे धडे दोन पण चूक एकच! 'शिपायाने चोरास पकडले' ला ने दिसला म्हणून कर्मणी, उत्तर भावे. 'त्याने पुस्तक वाचले' ला शेवटी ए दिसला म्हणून भावे, उत्तर कर्मणी. 'ती गाणे शिकली' ला भूतकाळ आणि कर्म दोन्ही आहे म्हणून कर्मणी, उत्तर कर्तरी. 'तू कविता म्हटलीस' ला कर्मणी, उत्तर संकर.

ढीग दुसरा, ४ चुका. शुद्धलेखन. शरिराला, जमीनीवर, गुरूदक्षिणा, परिक्षा हे चारही मी शुद्ध धरले.

ढीग तिसरा, २ चुका. प्रश्नात 'अयोग्य पर्याय' होतं, मी योग्य शोधत बसलो.

ढीग चौथा, २. माहीतच नव्हतं."

तिसऱ्यासाठी आता प्रश्नातल्या 'अयोग्य' ला पेनाने गोल करणार. चौथा सोडतो. पहिल्या दोघांचं काय करू? आणि 'मला दूध आवडते' चा प्रयोग कुणीतरी एकदाचा सांगा, दोन क्लासनोट्समध्ये दोन उत्तरं आहेत.

फास्ट_ट्रिक:
सोप्पंय भावा. कर्त्याला ने आणि कर्म कोरं, तर कर्मणी. कर्माला स, ला, ना लागलं की डोळे झाकून भावे. मी याच्यावरच सगळे प्रयोग काढतो.

उपान्त्य:
फास्ट_ट्रिक, डोळे झाकलेत म्हणूनच सांगते, 'राम रावणाला मारतो' यात कर्माला ला आहे आणि प्रयोग कर्तरी आहे. तुमची दुसरी ओळ कर्त्याला ने असेल तरच चालते. आणि 'मी पत्र लिहिले' मध्ये तर ने दिसणारच नाही, कारण मी, तू, आम्ही, तुम्ही यांचं प्रथमा आणि तृतीयेचं रूप एकच. धागाकर्त्याची पहिली चूक याच ट्रिकने झालीय.

चुकांची_वही, तुमचा पहिला ढीग मला आवडला, खरंच एकच रोग आहे. त्यावर नियम पाठ करू नका, वाक्य हलवून बघा. एकदा फक्त कर्ता बदला, एकदा फक्त कर्म, आणि क्रियापद कुणामागे जातं ते बघा. 'मी पत्र लिहिले' चं 'तिने पत्र लिहिले' केलं, क्रियापद ढिम्म हललं नाही. 'मी चिठ्ठी लिहिली' केलं, हललं. म्हणजे कर्मणी, आणि मग तो मी तृतीयेतलाच. 'त्याने पुस्तक वाचले' ला 'पोथी वाचली' करा, लगेच कळेल की तो ए पुस्तकाच्या नपुंसकलिंगाचा आहे, भावेचा नाही. चोराच्या वाक्यात 'शिपायांनी चोरांना पकडले' करा, दोन्ही बदलले तरी पकडले तसंच, म्हणून भावे. मात्र कर्म बदलताना त्याचा स, ला, ना काढायचा नाही, तो काढलात की वाक्यच वेगळं झालं.

'ती गाणे शिकली' ला 'तो गाणे शिकला' करून बघा. शिकणे, पिणे, विसरणे अशी थोडी क्रियापदं भूतकाळातही कर्त्यामागेच जातात, पेपर काढणाऱ्यांची ती लाडकी आहेत. आणि 'म्हटलीस' मधला स तू चा, ली कवितेची. 'तू श्लोक म्हटलास', 'तिने कविता म्हटली' असं करून बघा, दोन्हीकडे हलतं, म्हणून संकर.

सातवा_अटेम्प्ट:
माझं व्याकरण ठीक आहे पण गणितात वेळ पुरत नाही, शेवटचे दहा प्रश्न वाचायचेही राहतात. अशी वही गणिताला कशी करायची? कुणी पीडीएफ देईल का

चुकांची_वही:
@सातवा_अटेम्प्ट दादा हा धागा मराठीचा आहे, वेगळा काढा ना.

@उपान्त्य ताई, आत्ता मागच्या मॉकचे प्रयोग असेच हलवून बघितले, ७ पैकी ६ सुटले. एक अडला तो परत आवडणेवालाच. मला चं त्यांना केलं, काही हललं नाही. दूध चं आंबे केलं, 'आवडतात' झालं. म्हणजे दुधामागे जातंय. पण दूध कर्ता की कर्म?

जुना_मास्तर:
दूध कर्ता. आवडण्याची क्रिया दुधाची, मला ही नुसती चतुर्थी. म्हणून कर्तरी. 'मला चंद्र दिसतो' तसंच.

उपान्त्य:
सर, शाळेच्या व्याकरणात असंच शिकवतात, मान्य. पण आवड तर माझी ना? मला ला कर्ता मानणारेही व्याकरणकार आहेत, आणि मग दूध कर्म होऊन उत्तर पलटतं. बदलून बघण्याने हा वाद मिटत नाही, त्याने फक्त क्रियापद कुणामागे जातं तेवढंच कळतं. चुकांची_वही, तुमच्या परीक्षेच्या जुन्या उत्तरतालिकेत हे वाक्य काय धरलंय ते बघा आणि तेच मारा.

जुना_मास्तर:
माझी असेल, पण आवडतं कोण? दूधच ना. मी कर्तरीच म्हणणार.

उपान्त्य:
असो. शुद्धलेखनाचा ढीग मात्र चुकीचा पडलाय. 'जमीनीवर' आणि 'शरिराला' या एकमेकींच्या उलट चुका आहेत, एका ढिगात ठेवल्यात तर एक सुधारताना दुसरी वाढेल. जमीन चं जमिनीवर, गरीब चं गरिबाला, फूल चं फुलाला, इथे उपान्त्य दीर्घ ऱ्हस्व होतो. पण शरीर तत्सम आहे, त्याचं शरीराला, गीत चं गीताला, दीर्घ तसाच. तुम्हाला नियमाचा पहिला अर्धा भाग माहीत आहे, कधी लावता, कधी लावत नाही, आणि लावता तेव्हा नको तिथेही लावता. वहीत शब्दासमोर 'सं' किंवा 'म' एवढंच लिहा. गुरुदक्षिणा तिसरीच, सुटा असताना गुरू दीर्घ पण समासात पुढे दुसरा शब्द आला की रु ऱ्हस्व, रवी आणि रविवार तसंच. परीक्षा ला नियम शोधू नका, घोका.

आणि एक विचारते, बरोबर आलेल्या ३६ मध्ये तुक्के किती होते?

चुकांची_वही:
बापरे. आत्ता मोजले, प्रयोग आणि समास मिळून ५. त्यातला एक 'तो पाणी प्यायला', मी कर्तरी मारलं होतं ते ने दिसला नाही म्हणून 😅 म्हणजे तोही पहिल्या ढिगातच. ६ चे ७ झाले.

फास्ट_ट्रिक:
'त्याने पाणी प्यायले' पण म्हणतात की आमच्यात, मग?