मदत हवी आहे: जीएनएम बहिणीने बी१ वरच जर्मनीला निघावं, की बी२ इथंच काढावं?

लातूरकर_दादा
धाकटी बहीण जीएनएम म्हणजे डिप्लोमावाली नर्स आहे, लातूरला एका खासगी दवाखान्यात आयसीयूत काम करते. ऑनलाइन क्लास लावून जर्मन शिकली, भाषेची बी१ पातळी झाली, बी२ तिच्या वरची. पुण्याला जाऊन गोएथे या जर्मन भाषा संस्थेची बी२ परीक्षा दिली. वाचन, लेखन आणि बोलणं निघालं, पण ऐकण्यात १०० पैकी ५३ आले, पासिंग ६० ला आहे. आता एजंट म्हणतो, "बी२ तिकडं आपोआप होतं, बी१ वरच बसवतो विमानात." अडीच लाख मागतोय आणि मूळ मार्कशीट जमा करा म्हणतोय. करार सगळा जर्मनमध्ये. आई म्हणते पाठव, वडील गप्प. काय करावं?

उदगीरी
बी१ पुरतं, भाऊ. माझा मावसभाऊ बी१ वरच गेला, आता छान कमावतोय. उगं वर्ष घालवू नका.

नर्स_परभणीची
उदगीरी, तुमचा मावसभाऊ आउसबिल्डुंगला गेला असणार, म्हणजे तिकडे तीन वर्षं नर्सिंग पहिल्यापासून शिकायला. त्याला बहुतेक ठिकाणी बी१ चालतं. दादाची बहीण तर आधीच नर्स आहे, तिला परत विद्यार्थी कशाला व्हायचं?

दादा, एजंटचं म्हणणं साफ खोटं नाही, अर्धवट आहे. बी१ वर बोलावणारे दवाखाने आहेत. पण नर्सचा परवाना मिळेपर्यंत ती तिथे मदतनीसच राहणार, आणि परवान्याला साधारण बी२ लागतंच. वृद्धाश्रमांत जुलै २०२५ मध्ये मदतनिसाला तासाला किमान १६.१० युरो होते, परवानाधारक नर्सला २०.५०. हा फरक दर महिन्याला सोसायचा.

परवान्याचं काम तिथल्या राज्याचं कार्यालय बघतं. ते आपल्या जीएनएमचे विषय आणि तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडतात, आणि कमी काय पडतं ते पत्राने कळवतात. त्या पत्राला डेफिझिटबेशाइड म्हणतात. मग एकतर दवाखान्यात राहून ठरलेलं प्रशिक्षण पुरं करायचं, नाहीतर परीक्षा द्यायची, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटवर. दोन्हीकडे परीक्षक जर्मनमध्येच विचारणार. ड्युटी करून वर बी२ चा क्लास म्हणजे जीव निघतो. इथे रात्रपाळीनंतर अभ्यास होत नसेल तर तिथे कुठून होणार? सकाळचा हँडओव्हर घाईत असतो, त्यातून आमच्या बायर्न राज्यातल्या पेशंट आज्या बोलीभाषेत बोलतात.

आणि एक, तिला चारही भाग परत द्यायची गरज नाही. बी२ चे भाग सुटे देता येतात, फक्त ऐकण्याचा नोंदवा. त्यात काही ध्वनिफिती एकदाच वाजतात, आपल्या मुली तिथेच अडकतात. फीत सुरू व्हायच्या आत प्रश्न वाचून काढायची सवय लावा, आणि रोज जर्मन रेडिओच्या बातम्या ऐकू द्या.

वाळूज_डिप्लोमा
माझंपण सांगा ना. मेकॅनिकल डिप्लोमा आहे, वाळूजला सीएनसीवर आहे. जपानी एन४ करू का जर्मन? एन४ झालं की मुलाखत निघते का?

नर्स_परभणीची
भाऊ, तुमचा वेगळा धागा काढा. एवढंच सांगते, एन४ ज्यात येतं त्या जेएलपीटी परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. त्यामुळे कंपनी तोंडी वेगळं तपासणार, नुसत्या एन४ वर बसू नका.

बीडचा_शिक्षक
मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. emigrate.gov.in वर एजंटचा नोंदणी क्रमांक आधी बघा. कायद्याने त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. अडीच लाख कसले?

लातूरकर_दादा
तो म्हणतो त्यात क्लासची फी, भाषांतर सगळं आलं. पण क्लास तर आम्ही आधीच केला! नोंदणी क्रमांक विचारला तर "ऑफिसला या" म्हणाला.

नर्स_परभणीची
मग उत्तर मिळालंच की. जर्मनीत नर्स भरतीसाठी सरकारमान्य गुणवत्ता मुद्रा आहे, ती असलेल्या एजन्सीकडे खर्च दवाखाना करतो, मुलगी नाही. तशी शोधा. तोवर कॉलेजकडून विषयवार तासांचं ट्रान्स्क्रिप्ट काढून घ्या. थिअरीचे वेगळे, प्रॅक्टिकलचे वेगळे, प्रत्येक वॉर्डचे तास. पानावर नुसते गुण असतील तर ते कार्यालय परत पाठवतं. कॉलेजचा बाबू हेलपाटे घालायला लावतो, म्हणून आत्ताच सुरू करा.

उदगीरी
बरं, आउसबिल्डुंगचंच होतं, आत्ता विचारलं त्याला. पण तो म्हणतो करारात असं कलम असतं की मध्येच सोडलं तर दवाखान्याचे पैसे परत द्यायचे. ते खरं का?

नर्स_परभणीची
असतं कधीकधी. किती रक्कम, किती महिन्यांसाठी, हे करारावर अवलंबून. सही करायच्या आधी जर्मन येणाऱ्या, पण त्या एजंटच्या नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. दादा, वैयक्तिक माहिती खोडून ते कलम इथे टाकता येईल का?

लातूरकर_दादा
त्याने अजून प्रतच दिली नाही, म्हणतो सही करताना देतो. उद्या मागून बघतो. ऐकण्याच्या परीक्षेची पुढची तारीख बघायलोय, पुण्यात जागा दिसत नाही. मुंबईत मिळेल का, कुणाला माहितीय?