सीट मधेच रिकाम्या झाल्या: पैसे परत मागायचे की रिन्यूअलची वाट बघायची?

खरेदीखाते
मायक्रोसॉफ्ट 365 च्या 120 सीट आहेत, एका माणसाला एक. मुदत एक वर्षाची, 1 जुलै 2025 ते 30 जून 2026, बिल दरमहा, रीसेलर पुण्यातला. दर सीटमागे महिन्याला 735 रुपये अधिक जीएसटी. डिसेंबरअखेर एक प्रकल्प संपला आणि 18 सीट रिकाम्या झाल्या. या 18 सीटचा परतावा किंवा निदान क्रेडिट मिळायला हवं की नको? आणि जुलैत संख्या कमी करायची तर आत्तापासून काय करून ठेवायचं? माझं मत सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: सीट वाढवायला दोन मिनिटं आणि कमी करायला वर्ष, हा करार एकतर्फी आहे.

सर्व्हररूम
परतावा नाही आणि क्रेडिटही नाही. 2022 पासून भागीदारांमार्फत ही सबस्क्रिप्शनं ज्या नियमांनी विकली जातात, त्यांत सीट कमी करायला खरेदीपासून किंवा रिन्यूअलपासून सात दिवस मिळतात. ते संपले की मुदत संपेपर्यंत आकडा फक्त वर जातो. त्याआधीच्या पद्धतीत सीट मधेच कमी करता यायच्या आणि वापरलेल्या दिवसांपुरतंच बिल यायचं. बऱ्याच जुन्या लोकांच्या डोक्यात अजून तोच नियम बसलाय, वाद तिथूनच सुरू होतो.

दुसरा घोळ असा की सोडून गेलेल्या माणसाचं लायसन्स काढलं म्हणजे सीट कमी झाली असं वाटतं. तसं होत नाही. लायसन्स काढल्यावर सीट फक्त मोकळी होते, विकत घेतलेला आकडा 120 च राहतो आणि बिल 120 चंच येतं.

तुमचा हिशेब साधा आहे. 18 × 735 म्हणजे महिन्याला 13,230, जानेवारी ते जून 79,380. यातलं जे वाचेल ते नव्या भरतीतूनच. अॅडमिन सेंटरमध्ये `Billing > Licenses` उघडून किती मोकळ्या आहेत ते बघितल्याशिवाय एकही नवी सीट मागवू नका. भरती एका खात्याची आणि सीटची ऑर्डर दुसऱ्याची, असं असलं की मोकळ्या सीट पडून असताना नव्या घेतल्या जातात. आणि त्या नव्याही त्याच 30 जूनपर्यंत अडकतात.

चहाबिस्कीट
काहीतरी चुकतंय. आमच्याकडे गूगल वर्कस्पेस आहे. युजर डिलीट केला की पुढच्या बिलात पैसे कमी होतात, रिन्यूअल वगैरे भानगड नाही. रीसेलर तुम्हाला गंडवतोय.

सर्व्हररूम
तुमचा प्लॅन फ्लेक्झिबल असणार, तिथे दर महिन्याला असतील तेवढ्याच युजरचे पैसे लागतात. गूगलचाच वार्षिक प्लॅन घेतलात तर युजर डिलीट करूनही लायसन्सचा आकडा हलत नाही, तो रिन्यूअललाच कमी होतो. यात कंपनी कोणती यापेक्षा मुदत कोणती घेतली ते बघायचं. रीसेलरने इथे काही गंडवलेलं नाही.

हिशेबनीस
एकतर्फी म्हणणं मला पटत नाही. तुम्ही बांधून घेतलंत म्हणून दर कमी मिळाला. याच मायक्रोसॉफ्टच्या यादीत महिन्याच्या मुदतीची सीट वार्षिकपेक्षा 20 टक्के महाग असते. वार्षिक मुदत घेऊन पैसे दरमहा भरायचे ठरवले तर एप्रिल 2025 पासून 5 टक्के जास्त. तुमचा 735 हा तोच दर दिसतोय, म्हणजे मूळ 700. महिन्याच्या मुदतीत तीच सीट 840 ला पडली असती.

आता बघा. वार्षिक सीट वर्षाला 735 × 12 = 8,820. त्याला 840 ने भागा, साडेदहा महिने येतात. जी सीट वर्षातून साडेदहा महिन्यांपेक्षा कमी लागणार ती महिन्याच्या मुदतीवर स्वस्त, जी जास्त लागणार ती वार्षिकवर. तुमच्या 18 सीट सहाच महिने लागल्या. त्या महिन्याच्या मुदतीवर असत्या तर 840 × 6 × 18 = 90,720 झाले असते. प्रत्यक्षात वर्षभराचे 1,58,760 जाणार. 68,040 चा फरक पडला तो ऑर्डर देताना, डिसेंबरात नव्हे. प्रकल्पावरच्या लोकांना वार्षिक सीट घ्यायचीच नसते.

एकाच उत्पादनाची दोन सबस्क्रिप्शनं शेजारी शेजारी चालतात, हे बऱ्याच खरेदीवाल्यांना माहीत नसतं. जुलैत 95 वार्षिक आणि 10 महिन्याच्या मुदतीवर, असं सहज करता येतं.

खरेदीखाते
मान्य, पण हे गणित तेव्हा रीसेलरने मांडायला हवं होतं.

कलमदान
दर कमी मिळाला म्हणून करार न्याय्य झाला असं होत नाही. रिकामी सीट चालवायला विक्रेत्याला जवळपास काही खर्च येत नाही. ती परत घेऊन पुढच्या वर्षाच्या बिलात थोडं क्रेडिट दिलं तर त्याचं फार बिघडत नाही. स्लॅकचं बघा: सदस्य बराच काळ फिरकला नाही तर उरलेल्या दिवसांचं क्रेडिट खात्यात आपोआप जमा होतं. रोख मिळत नाही, पण पुढच्या बिलातून वजा होतं. म्हणजे इच्छा असेल तर जमतं.

कायद्याचा आधार मात्र शोधू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली सेवा सहसा बसत नाही. जे काही मिळेल ते करारातून, आणि करार सहीआधीच वाकतो.

फुकटफौजदार
एवढं कशाला? जुलैत 120 वरून थेट 60 करा, मग लागतील तशा वाढवत न्या. दर तोच राहतो, मधले महिने वाचतात.

कलमदान
अर्धं बरोबर. यादीतल्या दराने घेत असाल तर ठीक, नंतर वाढवलेल्या सीटचे पैसे वाढवल्या दिवसापासूनच लागतात. पण घासाघीस करून दर पाडून घेतला असेल तर हीच युक्ती अंगावर येते. सेल्सफोर्सच्या मुख्य करारात स्पष्ट लिहिलंय की मुदतीत संख्या कमी होणार नाही, भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, आणि रिन्यूअलला संख्या किंवा मुदत घटली तर आधीचा प्रति-सीट दर न बघता नव्याने दर ठरेल. म्हणजे 100 च्या 80 केल्या आणि उरलेल्या 80 वरची सवलत गेली, तर बिल आहे तिथेच राहू शकतं. सवलत 20 टक्के होती असं धरा: 1,000 ची सीट 800 ला, 100 सीटचे 80,000. संख्या 80 केली, दर परत 1,000 झाला, तरी 80,000 च. 20 माणसं कमी झाली, रुपया वाचला नाही.

म्हणून पहिल्याच सहीच्या वेळी दोन वाक्यं घालून घ्या: रिन्यूअलला अमुक टक्क्यांपर्यंत संख्या घटली तरी दर तोच राहील, आणि वाढ झाली तर अमुक टक्क्यांच्या आत राहील. नंतर कोणी देत नाही.

हिशेबनीस
हे खरं. छोट्या गिऱ्हाइकाला ते कलम कोण देतं, हा वेगळा प्रश्न.

सर्व्हररूम
जुलैच्या कामाकडे येतो. रीसेलरमार्फत घेतलेल्या सीटचा आकडा तुम्हाला तुमच्या पॅनलमधून बदलता येत नाही, तो त्यांच्या पोर्टलवरून बदलतो. तिथे मुदत संपण्याआधीच रिन्यूअलचा बदल लावून ठेवता येतो: आकडा, मुदत, बिल दरमहा की एकरकमी. आपोआप रिन्यूअल चालू असेल आणि कोणी काही केलं नाही, तर 1 जुलैला 120 च्या 120 आणखी एका वर्षासाठी लागतात. म्हणून मे अखेरीस लेखी मेल पाठवा आणि बदल लावल्याचा स्क्रीनशॉट मागा. फोनवर "करतो" म्हणाले यावर भिस्त नको.

त्याआधी आपल्या बाजूला 18 लायसन्स काढलेली हवीत. आणि काढण्याआधी मेलबॉक्स बघा. लायसन्स काढल्यावर साधारण 30 दिवसांनी मेल जाते. मेलबॉक्स 50 जीबीच्या आत असेल तर लायसन्स असतानाच तो शेअर्ड मेलबॉक्स करून घ्या, मग त्याला सीट लागत नाही. नुसत्या जुन्या मेलसाठी वर्षभर सीट धरून ठेवलेल्या कंपन्या कमी नाहीत.

बदल लागायचा राहिलाच तर सात दिवस आहेत. तेव्हा आकडा खाली आणला तर वापरलेल्या दिवसांचे कापून बाकीचं परत येतं. समजा एकरकमी भरणा होता, 18 × 700 × 12 = 1,51,200, आणि पाचव्या दिवशी जाग आली. दिवसाला सुमारे 414, पाच दिवसांचे 2,071 गेले, 1,49,129 वाचले. आठव्या दिवशी सगळेच गेले. त्या सात दिवसांत शनिवार-रविवार धरून मोजा, कारण रीसेलरकडे सोमवारीच कोणीतरी भेटतं.

हिशेबनीस
आणि "परत येतं" म्हणजे कुणाकडे, तेही विचारा. मूळ कंपनी क्रेडिट देते ते रीसेलरला. ते तुमच्यापर्यंत कसं येणार, ते तुमच्या आणि त्यांच्या कागदावर ठरतं. बहुतेक वेळा बँकेत काही येत नाही, पुढच्या बिलात वजा होतं.

क्रेडिट नोट आली की त्यात जीएसटी आहे का बघा. जीएसटी कायद्याच्या कलम 34 ची असेल तर जीएसटीसकट रक्कम कमी होते आणि तेवढं इनपुट क्रेडिट तुम्हाला उलटवावं लागतं. ती नोट रीसेलरने विवरणपत्रात दाखवायला फार तर आर्थिक वर्ष संपल्यावरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. नुसती व्यावसायिक नोट असेल तर फक्त मूळ रक्कम मिळते आणि तुमचं इनपुट क्रेडिट तसंच राहतं. ज्यांना इनपुट क्रेडिट मिळतं त्यांना दोन्ही सारखंच. ज्यांना मिळत नाही, म्हणजे शाळा, रुग्णालयं, त्यांनी मात्र पहिलीच मागावी, नाहीतर 18 टक्के बुडतात.

चहाबिस्कीट
आमचा प्लॅन बघितला, फ्लेक्झिबलच आहे. आता वाटतंय की कायम असलेल्या 40 जणांसाठी आम्हीच जास्त भरतोय.

कलमदान
बघा, दोन्ही बाजूंनी सापडतोय तो गिऱ्हाईकच.

हिशेबनीस
40 कायमचे माहीत असताना वार्षिक न घेणं ही विक्रेत्याची चूक नव्हे हो.

खरेदीखाते
रीसेलरला मेल केला: जुलैपासून 102, त्यातल्या 92 वार्षिक, 10 महिन्याच्या. उत्तर आलं, "बदल लावू, सात दिवसांत काही उलटवलंत तर क्रेडिट आमच्या धोरणानुसार."

हिशेबनीस
ते धोरण जूनच्या आत मागवून घ्या.