ट्रॅमाडॉलने दुखणं थांबत नाही, डोस वाढवू का? (मदत हवी आहे)

केतकी_म: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता घरी आहे. ट्रॅमाडॉल ५० मिग्रॅ दिवसातून तीनदा लिहून दिली आहे. काडीचाही फरक नाही, रात्रभर कण्हत असते. एका वेळी दोन दिल्या तर चालेल का? डॉक्टर फोन उचलत नाहीत. बाकी गोळ्या नेहमीच्याच. कृपया लवकर सांगा.

रानवारा: दिवसाला ४०० मिग्रॅपर्यंत चालतं, तुम्ही १५० वर आहात. बिनधास्त द्या दोन. ही काही मॉर्फिन नाही, सौम्य गोळी आहे.

औषधी_अनुजा: केतकी, थांबा जरा. "नेहमीच्याच" म्हणजे नेमक्या कुठल्या? आईंचं वय काय? कधी फिट आली होती का? मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, हे कळल्याशिवाय डोसबद्दल बोलता येणार नाही.

केतकी_म: वय ७०. फिट कधीच नाही. बीपीची, थायरॉईडची आणि एक मनाची गोळी, ती बरीच वर्षं चालू आहे. तिचा गुडघ्याशी काय संबंध?

औषधी_अनुजा: तीच महत्त्वाची आहे. पाकिटावरचं नाव वाचून सांगा.

शेखर_प: माझ्या भावाला ट्रॅमाडॉलवर फिट आली होती. डोस नेहमीचाच होता, जास्त घेतला नव्हता. तोही डिप्रेशनची गोळी घ्यायचा, आणि ते कोणी विचारलंच नव्हतं.

मोगरा: गुडघ्याला बर्फाचा शेक द्या, पाय उशीवर ठेवा. आणि या गोळ्यांची सवय लागते हं, लवकर सोडवा.

केतकी_म: मोगरा, बर्फ चालूच आहे. अनुजाताई, पाकिटावर पॅरॉक्सेटिन २० मिग्रॅ लिहिलंय.

औषधी_अनुजा: मग दुखणं का थांबत नाही याचं उत्तर बहुधा इथेच आहे. मॉर्फिन शरीरात गेलं की तेच थेट वेदना दाबतं. ट्रॅमाडॉलचं तसं नाही. त्याचा वेदनाशामक जोर मुख्यतः यकृतात त्याच्यापासून तयार होणाऱ्या दुसऱ्या पदार्थात असतो, आणि तो तयार करणारं एन्झाइम, सीवायपी२डी६, पॅरॉक्सेटिन जवळजवळ बंद पाडतं. त्यामुळे आईंना गोळीचा गुण फारसा मिळत नाही. न बदललेलं ट्रॅमाडॉल मात्र रक्तात साठत राहतं. ते सेरोटोनिन वाढवतं, पॅरॉक्सेटिनही तेच करतं, आणि फिटचा धोकाही त्याच्यामुळेच वाढतो. म्हणजे दोन गोळ्या दिल्यात तर आराम थोडाच वाढेल, धोका मात्र बराच.

रानवारा: पण ४०० ची मर्यादा तर छापील आहे! माझ्या सासऱ्यांना सर्ट्रालिनबरोबर ट्रॅमाडॉल दिलं होतं, काही झालं नाही.

औषधी_अनुजा: मर्यादा खरी आहे, पण ती सोबत काय चालू आहे हे धरून नाही. नेहमीच्या डोसला सर्ट्रालिन ते एन्झाइम फारसं अडवत नाही, म्हणून सासऱ्यांना गुण आला असेल. सेरोटोनिनचा प्रश्न त्यांनाही होताच, तो दरवेळी दिसतोच असं नाही.

शेखर_प: मग सरळ पॅरॉक्सेटिनच बंद करा आठवडाभर.

औषधी_अनुजा: नको, शेखर! पॅरॉक्सेटिन एकदम बंद केलं की चक्कर, मळमळ, बेचैनी सुरू होते, आणि ऑपरेशननंतर चालायला शिकणाऱ्या बाईला चक्कर म्हणजे पडण्याचा धोका. शिवाय एन्झाइमही लगेच पूर्ववत होत नाही. बदलायचं असेल तर वेदनेचं औषध बदलायचं. केतकी, आईंना घाम, जुलाब, थरथर, बेचैनी, पाय आपोआप झटकणं, यातलं काही आहे?

केतकी_म: काल संध्याकाळपासून हात थरथरतात आणि घामाने उशी भिजते. आम्हाला वाटलं दुखण्यामुळे.

औषधी_अनुजा: दुखण्यामुळेही असू शकेल, इथून ठरवता येणार नाही. पण सेरोटोनिन जास्त झालं तर सुरुवात अशीच होते. ट्रॅमाडॉलचा पुढचा डोस देऊ नका आणि आत्ताच इमर्जन्सीला न्या. ताप चढला, गोंधळल्यासारखं बोलू लागल्या किंवा फिट आली तर अँब्युलन्स बोलवा. तिथे दोन्ही गोळ्यांची नावं आधी सांगा. आणि बदली म्हणून कोडीन लिहिलं तर विचारा, तेही त्याच एन्झाइमवर चालतं.

रानवारा: मग देणार काय, थेट मॉर्फिन? ७० च्या बाईंना?

औषधी_अनुजा: कमी डोसमध्ये, लक्ष ठेवून, देतातही. त्याचे बद्धकोष्ठ, गुंगी, श्वास मंदावणं हे धोके आहेतच, पण पॅरॉक्सेटिनशी असा घोळ होत नाही. नियमित वेळेवर पॅरासिटामॉल द्यायचं आणि मॉर्फिन फक्त गरजेपुरतं, असंही करतात. ते तिथले डॉक्टर ठरवतील.

रानवारा: मला तरी मॉर्फिनचीच भीती जास्त वाटते.

केतकी_म: निघतोय. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घेतली आहेत.

मोगरा: पोचल्यावर कळवा. बर्फ किती वेळ ठेवत होतात, तेही सांगा.